तीन हजार रतांबे, दीड हजार कुर्ल्या आणि एक तापलेला फोन

वेंगुर्ल्यातले दोन भाऊ मोबाइलसाठी एक खेळ बनवत होते. किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी असलेली आजी, वाळूतल्या बिळांतून तिच्यावर चाल करून येणाऱ्या कुर्ल्या, आणि आजीच्या टोपलीतून चहूबाजूंना सुटणारे रतांबे. खेळ जितका पुढे सरकतो तितक्या कुर्ल्या वाढतात आणि रतांबेही. मजा सगळी गर्दीतच आहे, त्यामुळे 'आकडे कमी करा' हा सल्ला तिथे चालण्यासारखा नव्हता. थोरला चित्रं आणि खेळाचे नियम बघतो, धाकटा कोड लिहितो. धाकट्याचा मला रत्नागिरीला फोन आला तो एका वाक्याचा: "दादा, फोन तापलो मरे, आणि गेम रांगता."

कोड युनिटी या गेम इंजिनात, सी शार्प भाषेत होता. शेवटच्या टप्प्यात पडद्यावर आणि त्याच्या आसपास मिळून १५०० कुर्ल्या आणि ३००० रतांबे असत. कोणता रतांबा कोणत्या कुर्लीला लागला हे ठरवायला सरळ दोन लूप होते: प्रत्येक रतांब्यासाठी प्रत्येक कुर्ली. ३००० गुणिले १५०० म्हणजे एका फ्रेमला ४५ लाख तपासण्या. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तो सगळा वेळ याच कामाला दिला तरी एका तपासणीच्या वाट्याला ४ नॅनोसेकंदसुद्धा येत नाहीत, आणि चित्रं काढणं, आवाज, हालचाल हे सगळं अजून बाकीच. त्यात प्रत्येक कुर्ली हा मेमरीत कुठेतरी पडलेला स्वतंत्र ऑब्जेक्ट होता. तिची जागा वाचायला प्रोसेसरला दर वेळी मेमरीपर्यंत हेलपाटा घालावा लागत होता, आणि स्वस्तातल्या फोनला तो फार महाग पडतो.

तपासण्या कमी करायचा उपाय होता स्पेशियल हॅश ग्रिड, म्हणजे जागेचे कप्पे पाडून फक्त जवळच्या कुर्ल्या तपासायच्या. पण या हेलपाट्यांमुळे पहिलं काम ग्रिडचं नव्हतंच. कुर्ल्यांच्या जागा `px` आणि `py` अशा दोन साध्या फ्लोट अ‍ॅरेंमध्ये सलग आणल्या. तेवढ्यानेही फरक पडला, पण ४५ लाखांचे ४५ लाखच राहिले. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की हाच आकडा १ कोटी ८० लाखांवर जातो, आणि थोरल्याच्या मनात पुढचा टप्पा नेमका तसाच होता.

आता ग्रिडकडे. कोकणातलं गाव वाड्यांत पसरलेलं असतं. कुणाला शोधायचं तर आपण सगळा गाव पालथा घालत नाही, त्याची वाडी विचारतो आणि फार तर शेजारच्या वाडीत डोकावतो. स्पेशियल हॅश ग्रिड तेच करतो. जमिनीवर समान चौकोनी कप्प्यांची जाळी कल्पायची, प्रत्येक कुर्ली आपल्या केंद्रबिंदूच्या कप्प्यात नोंदवायची, आणि रतांब्याने फक्त आपल्या आवाक्यात येणारे कप्पे बघायचे. रतांबे ग्रिडमध्ये घालायची गरजच नाही, कारण रतांबा रतांब्याला लागत नाही. एका पक्षाची नोंद, दुसऱ्याची विचारणा.

साधी द्विमितीय अ‍ॅरे का नाही, असं धाकट्याने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. मैदान ठरलेल्या मापाचं असेल तर तीच घ्यावी, हॅशच्या भानगडीत पडू नये. पण यांचा किनारा दोन्ही बाजूंना न संपणारा आहे. आजी चालत राहते आणि किनारा पुढे तयार होत जातो. तेव्हा हॅश करायचा, म्हणजे कप्प्याच्या निर्देशांकांवरून सूत्राने एका ठरावीक लांबीच्या तक्त्यातला खण, म्हणजे बकेट, काढायची:

```csharp
int Cell(float v) => Mathf.FloorToInt(v / 64f);

int Bucket(int cx, int cy) =>
    ((cx * 73856093) ^ (cy * 19349663)) & (N - 1);
```

इथे `N` २०४८ आहे. तो दोनचा घात असल्यामुळे `&` चालतं, आणि `cx` उणे असला तरी उत्तर शून्य ते २०४७ मध्येच पडतं. त्याऐवजी `%` लावलं असतं, तर आजी उगमाच्या डावीकडे गेल्यावर निर्देशांक उणे येऊन अ‍ॅरेबाहेर गेला असता. ते दोन मोठे आकडे २००३ च्या टेश्नर आणि सहकाऱ्यांच्या स्पेशियल हॅशिंगवरच्या निबंधातले आहेत आणि तेव्हापासून सगळीकडे उतरवले जातात. निबंध त्यांना मोठ्या मूळ संख्या म्हणतो. गंमत अशी की १९३४९६६३ ही मूळ संख्या नाहीच, ती ४१ गुणिले ४७१९४३ आहे. तरी आपलं काही अडत नाही. दोनच्या घाताच्या तक्त्यासाठी आकडा विषम असला की पुरतं.

बांधणीची पहिली आवृत्ती धाकट्याने `Dictionary` आणि प्रत्येक कप्प्याला एक `List` अशी केली होती. ती बरोबर चालत होती, पण दर फ्रेमला नव्या याद्या जन्माला येत आणि वापरून टाकलेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर मधूनच जागा होऊन झटका देई. त्याऐवजी मोजणी करून क्रम लावायचा:

```csharp
Array.Clear(start, 0, N + 1);
for (int i = 0; i < n; i++) {
    cellX[i] = Cell(px[i]);  cellY[i] = Cell(py[i]);
    key[i] = Bucket(cellX[i], cellY[i]);
    start[key[i]]++;
}
for (int b = 1; b <= N; b++) start[b] += start[b - 1];
for (int i = 0; i < n; i++) item[--start[key[i]]] = i;
```

आधी प्रत्येक बकेटमध्ये किती कुर्ल्या ते मोजलं, मग चढती बेरीज केली, मग प्रत्येक कुर्लीचा क्रमांक आपल्या जागी ठेवला. शेवटी `start[b]` पासून `start[b + 1]` च्या आधीपर्यंत त्या बकेटच्या कुर्ल्या सलग मिळतात. सगळ्या अ‍ॅरे खेळ सुरू होताना एकदाच घेतलेल्या असतात, त्यामुळे चालू खेळात नवी मेमरी मागितलीच जात नाही. ग्रिड दर फ्रेमला मुळापासून नव्याने बांधली जाते. हलली तेवढीच कुर्ली सरकवू, असा मोह होतो, पण इथे सगळ्याच कुर्ल्या हलतात. दीड हजार नोंदी नव्याने करणं हे जुन्या नोंदींचा हिशोब ठेवण्यापेक्षा सोपं आहे आणि स्वस्तही.

कप्पा केवढा घ्यायचा यावर आमची बरीच चर्चा झाली, आणि ती कागदावर करता येते. कुर्लीची त्रिज्या १० पिक्सेल, रतांब्याची ४. म्हणजे दोघांच्या केंद्रांतलं अंतर १४ पेक्षा कमी झालं की टक्कर. रतांब्याभोवती २८ पिक्सेलचा चौकोन धरून तो ज्या कप्प्यांना शिवतो ते बघायचे. कुर्ल्या साधारण २४०० गुणिले १३५० पिक्सेलच्या भागात पसरलेल्या आहेत असं धरू. ६४ चा कप्पा घेतला तर कप्पे सुमारे ७९०, सरासरी कप्प्यात दोनाहून कमी कुर्ल्या, आणि रतांबा सरासरी दोन कप्प्यांना शिवतो. म्हणजे एका रतांब्याला सुमारे ४ तपासण्या, सगळ्यांच्या मिळून १२ हजार. कुठे ४५ लाख आणि कुठे १२ हजार!

२५६ चा कप्पा घेतला तर एका कप्प्यात ३० कुर्ल्या येतात आणि तपासण्या १ लाखावर जातात. उलट ८ पिक्सेलचा कप्पा घेतला तर प्रत्येक रतांब्याला २० कप्पे उघडावे लागतात आणि त्यातले बहुतेक रिकामे निघतात. ३२ आणि ६४ मध्ये म्हणावा तसा फरक नव्हता, म्हणून ६४ ठेवला. सगळ्यात मोठ्या वस्तूइतका कप्पा घ्या हा नेहमीचा नियम मात्र इथे पाळला नाही. शेवटी येणाऱ्या राक्षसी कुर्लीची त्रिज्या १५० आहे, आणि तिच्या एकटीपायी सगळ्यांचे कप्पे फुगवण्यात अर्थ नव्हता. अशा मोठ्या कुर्ल्या एका वेगळ्या छोट्या यादीत ठेवल्या आणि त्यांच्यापुरती जुनीच पद्धत चालू ठेवली. दोन मोठ्या कुर्ल्या आणि ३००० रतांबे म्हणजे ६ हजार तपासण्या, त्याला कोण विचारतो.

हे सगळं बसल्यावर खेळ सुरळीत धावायला लागला. आणि मग पाचेक मिनिटं खेळल्यावर, कुर्ल्यांनी आजीला गाठलं की पुन्हा रांगायला लागला. पहिल्यापेक्षा कमी, पण नेमका ऐन रंगात.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. ग्रिडचा वेग कुर्ल्या एकूण किती यावर ठरत नाही, एका कप्प्यात किती दाटतात यावर ठरतो. वरचा सगळा हिशोब 'कुर्ल्या पसरलेल्या आहेत' या गृहीतावर उभा होता, आणि या खेळात तर प्रत्येक कुर्ली आजीकडेच धावते. प्रोफायलरमध्ये फक्त 'टक्कर' या भागाला लागलेला वेळ दिसत होता, कारण दिसत नव्हतं. म्हणून दर फ्रेमला सगळ्यात भरलेल्या कप्प्यात किती कुर्ल्या आहेत तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात छापला आणि कप्प्यांना दाटीप्रमाणे रंग दिला. सुरुवातीला किनारा फिका दिसत होता. कुर्ल्या जवळ आल्या तसा आजीभोवतीच्या चार-पाच कप्प्यांचा रंग गडद झाला, कोपऱ्यातला आकडा ५०० च्या वर गेला, आणि त्याच क्षणी फ्रेमचा वेळ चढला.

हिशोबही जुळतो. कुर्ल्या एकमेकींच्या अंगावर चढत होत्या, त्यामुळे दीड हजारच्या दीड हजार ६० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात मावत होत्या. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम पावणेतीन कप्प्यांइतकं, म्हणजे भरल्या कप्प्यात ५४० च्या आसपास कुर्ल्या. दोन कप्पे बघणारा रतांबा हजारेक तपासण्या करणार. त्यात या टप्प्यावर रतांब्यांना आरपार जाण्याची शक्ती मिळालेली असते, म्हणजे पहिल्या कुर्लीला लागून ते संपत नाहीत. घोळक्यातून ५०० रतांबे जात असतील तर ५ लाख तपासण्या तिथेच झाल्या.

त्याहून वाईट म्हणजे या नुसत्या तपासण्या नव्हत्या, खऱ्या टकरी होत्या. एका रतांब्याच्या १४ पिक्सेलच्या आवाक्यात एकावर एक रचलेल्या ८० कुर्ल्या येत होत्या. प्रत्येकीची शक्ती कमी करा, ठिणगी उडवा, आकडा दाखवा. ग्रिड न लागणाऱ्या जोड्या गाळते. लागणाऱ्या जोड्यांपुढे तिचं काही चालत नाही.

कुर्ल्या एकमेकींवर का चढत होत्या? कारण त्यांनी एकमेकींना ढकलावं असा कोड आधी होता, पण तो धाकट्याने बंद केला होता. दीड हजार कुर्ल्यांच्या आपसातल्या जोड्या होतात ११ लाख २४ हजार २५०, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. आता ग्रिड हाताशी होती, तेव्हा तोच कोड ग्रिडमधून पुन्हा चालू केला. प्रत्येक कुर्लीने २० पिक्सेलच्या आतल्या शेजारणी शोधायच्या आणि दोघींनी थोडं थोडं मागे सरायचं. ग्रिडमुळे ढकलणं परवडलं, आणि ढकलण्यामुळे ग्रिड कामाची राहिली. दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभ्या आहेत.

न चढणाऱ्या कुर्ल्या ६४ च्या कप्प्यात डझनभराहून फारशा मावत नाहीत. आणि केंद्रं २० पिक्सेल लांब असली तर रतांब्याच्या आवाक्यात एका वेळी जास्तीत जास्त ३ येतात, ८० नाही. प्रत्यक्षात ढकलणं मऊ असतं, गर्दीच्या मध्यावर थोडं चढणं राहतंच, पण कोपऱ्यातला ५०० चा आकडा खाली येऊन दोन आकड्यांत स्थिरावला.

थोरला मात्र थोडा नाराज झाला, कारण खेळ बदलला. आधी आजीभोवती जो घट्ट गोळा दिसायचा तो आता चारशेहून जास्त पिक्सेल त्रिज्येचा झाला आणि उंचीत जवळजवळ पडदाभर पसरला. कुर्ल्या तेवढ्याच होत्या, आत्ताच खऱ्या दिसायला लागल्या होत्या. शेवटी त्याने लाटेतली संख्या कमी केली आणि तरी किनारा आधीपेक्षा भरलेला वाटायला लागला. हे मोजून कुणी सांगितलं नसतं.

ढकलण्याच्या कोडमध्ये दोन खाचखळगे आहेत. एक, ढकलल्यावर कुर्ल्यांच्या जागा बदलतात आणि ग्रिड शिळी होते. म्हणून हालचाल, बांधणी, ढकलणं, पुन्हा बांधणी आणि मग रतांब्यांची विचारणा असा क्रम ठेवला. बांधणी इतकी स्वस्त आहे की दोनदा केली तरी प्रोफायलरमध्ये शोधावी लागते. दुसरा जरा फसवा. एकाच बिळातून एकाच फ्रेमला दोन कुर्ल्या निघाल्या तर त्यांच्यातलं अंतर शून्य. ढकलण्याची दिशा काढताना शून्याने भागाकार होतो, दोघींच्या जागा `NaN`, म्हणजे 'संख्याच नाही' अशा, होतात आणि कुर्ल्या पडद्यावरून गायब होतात. संख्या मोजणारा आकडा मात्र त्यांना जिवंतच धरतो, त्यामुळे लाट कधी संपतच नाही. 'लाट संपत नाही' अशी तक्रार आली की पहिल्यांदा इथे बघावं. अंतर शून्य आलं तर कुर्लीच्या क्रमांकावरून एखादी दिशा ठरवून द्यायची, एवढाच उपाय.

यानंतर उरली ती एक विचित्र तक्रार. खेळून बघणाऱ्या पोरांपैकी एकाचं म्हणणं होतं की किनाऱ्यावर काही जागा 'लकी' आहेत, तिथे कुर्ल्या एका रतांब्यात मरतात. आम्ही आधी हसलो. मग एकाच फ्रेममध्ये एकाच रतांब्याने एकाच कुर्लीला दोनदा मारलं की तिथे लाल ठिपका उमटेल असं केलं, आणि ठिपके खरंच ठरावीक जागी साठायला लागले, तेही नेमके चार कप्पे भेटतात त्या कोपऱ्यांवर.

कारण हॅशमध्ये आहे. दोन वेगळ्या कप्प्यांना एकच बकेट मिळू शकते. वर दिलेल्या सूत्रात एका ओळीतले किंवा एका उभ्या पट्टीतले शेजारी कप्पे असे आपटत नाहीत, पण तिरके शेजारी क्वचित आपटतात. रतांबा त्या कोपऱ्यावर असेल तर तो चारही कप्पे बघतो, तीच बकेट दोनदा उघडतो, आणि त्यातली कुर्ली दोनदा मार खाते. हॅश दर वेळी तेच उत्तर देतो, म्हणून जागा ठरलेल्या. पहिल्या टकरीत संपणाऱ्या रतांब्यांत हे कधी दिसलं नसतं. आरपार जाणाऱ्यांनी ते उघडं पाडलं. उपाय म्हणजे कप्पा पडताळून बघणारी एक ओळ:

```csharp
for (int k = start[b]; k < start[b + 1]; k++) {
    int e = item[k];
    if (dead[e] || cellX[e] != cx || cellY[e] != cy) continue;
    float dx = px[e] - bx, dy = py[e] - by;
    if (dx * dx + dy * dy < 14f * 14f) Hit(e);
}
```

त्यातलं `dead[e]` ही तितकंच महत्त्वाचं. मेलेली कुर्ली अ‍ॅरेतून लगेच काढून शेवटची कुर्ली तिच्या जागी आणायची ही सवय चांगली आहे, पण विचारणा चालू असताना तसं केलं की `item` मधले क्रमांक भलत्याच कुर्लीकडे बोट दाखवतात. मेली अशी खूण करायची आणि सफाई फ्रेमच्या शेवटी करायची. आरपार जाणारा रतांबा पुढच्या फ्रेमला त्याच कुर्लीवर असतोच, म्हणून त्या जोडीला थोडा वेळ पुन्हा मार लागू नये हीही नोंद ठेवावी लागली. तो खेळाच्या नियमांचा भाग, ग्रिडचा नाही.

आता खेळ त्याच फोनवर ६० फ्रेमने चालतो, आणि थोरल्याला हवा होता तो दुप्पट गर्दीचा टप्पाही घालता आला. फोन कोमट होतो, पण तो आता चित्रं काढण्यामुळे. एकावर एक पारदर्शक ठिणग्या काढणं हा वेगळा विषय आहे आणि त्याला ग्रिडचा काही उपयोग नाही. ज्या खेळात ५० शत्रू आणि २०० गोळ्या आहेत तिथे १० हजारच तपासण्या होतात. तिथे मी यातलं काहीच करणार नाही, दोन लूप लिहून मोकळा होईन.

एक जागा अजून अडत होती, नारळ. आजीला शेवटी मिळणारा नारळ सेकंदाला १८०० पिक्सेल वेगाने जातो, म्हणजे ६० फ्रेमला दर फ्रेम ३० पिक्सेल. टकरीची पट्टी २८ ची, त्यामुळे नारळ मधूनच कुर्लीला न शिवता पलीकडे पोचायचा, आणि फोन मंदावून ३० फ्रेमवर आला की तर निम्म्याहून जास्त वेळा. कप्पे कितीही नीट बघितले तरी हे सुटत नाही, कारण चूक 'कुठे बघायचं' यात नाही, 'कधी बघायचं' यात आहे. नारळासाठी मागच्या आणि आताच्या जागेला जोडणारी रेषा घेतली, ती रेषा १४ ने फुगवून येणाऱ्या चौकोनातले कप्पे उघडले, आणि अंतर बिंदूपासून न मोजता रेषाखंडापासून मोजलं. सगळ्या रतांब्यांना हे लावायची गरज नव्हती. ते फ्रेमला ७-८ पिक्सेलच सरकतात, त्यामुळे त्यांचा कोड होता तसाच ठेवला.